गॅस माणसाचा आणि गॅस भिंतीचा

घर बदलताना ट्रक ठरतो, माणसं ठरतात, कपाटं सुटी होतात. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात उरते ती शेगडी, आणि तिच्याखाली लाल टाकी. टाकीकडे बघून कोणीतरी म्हणतं, "ह्याचं काय करायचं?" खरं तर हा प्रश्न महिनाभर आधी पडायला हवा होता. त्या घाईत टाकी शेजाऱ्यांकडे ठेवली जाते, नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या गळ्यात मारली जाते, आणि मग नव्या शहरात वर्षभर पस्तावायची पाळी येते.

गॅसच्या दोन जाती आहेत, आणि दोघींचा स्वभाव अगदी उलटा. सिलिंडरचं कनेक्शन माणसाच्या नावावर असतं. माणूस हलला की ते कागदावर त्याच्याबरोबर हलतं, लोखंड मात्र मागे राहतं. पाइपचं कनेक्शन भिंतीचं असतं. माणूस जातो, मीटर तिथेच लटकत राहतं. बदलीच्या वेळी होणारे बहुतेक घोळ हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

सोलापूरचं एक नवरा-बायकोचं घर समजा. २०१६ साली त्यांनी दोन सिलिंडरचं, म्हणजे डबल कनेक्शन घेतलं. आता नोकरीपायी पुण्याला जायचंय. पुण्यात पहिलं घर सिलिंडरवर चालणारं, वर्षभराने दुसरं घर पाइपच्या गॅसचं, आणि आणखी दोन वर्षांनी थेट नागपूर. या एका प्रवासात गॅसचे सगळे कागद डोळ्यांखालून जातात.

सुरुवात सोलापुरात. कनेक्शन घेताना एजन्सीने एक कागद दिलेला असतो, सबस्क्रिप्शन व्हाउचर. एजन्सीत त्याला एसव्ही म्हणतात. बहुतेक घरांत तो गॅसच्या पुस्तकात घडी होऊन पडलेला असतो, नाहीतर सापडतच नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर आपले नसतात, कंपनीचे असतात. आपण फक्त अनामत भरलेली असते, आणि ती किती भरली हे या कागदावर असतं. २०१६ मध्ये १४.२ किलोच्या एका सिलिंडरची अनामत १४५० रुपये आणि रेग्युलेटरची १५० रुपये होती. दोन सिलिंडर आणि एक रेग्युलेटर, म्हणजे ३०५० रुपये. परत करताना हीच रक्कम मिळते, आजच्या दराची नाही. एसव्ही हरवला असेल तर एजन्सी लेखी हमीपत्र मागते. काम अडत नाही, पण एक खेप वाढते.

शहरातल्या शहरात किंवा जवळपासच एजन्सी बदलायची असेल, तर टाकी परत करावी लागत नाही. जुनी एजन्सी ग्राहक बदलीचा कागद देते, त्याला सीटीए म्हणतात. हल्ली तो ऑनलाइनही निघतो. तो तीन महिन्यांच्या आत नव्या एजन्सीत दाखवला की टाकी, रेग्युलेटर आणि अनामत जशीच्या तशी राहते, फक्त पुरवठा करणारा बदलतो. लांबच्या शहरात जायचं तर हा मार्ग नाही. मग सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करायचा, अनामत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. एजन्सीत सगळे त्याला टीव्ही म्हणतात. "टीव्ही घेतला का?" असं काउंटरवरच्या माणसाने विचारलं की नवखा गिऱ्हाईक चक्रावतो.

टीव्ही दोन कारणांसाठी निघतो, बदली म्हणून किंवा कायमचं बंद म्हणून. काउंटरवर "बदलीचा टीव्ही" असं स्पष्ट सांगायचं आणि कागदावर तसं छापलंय का ते तिथेच वाचायचं. नाव आणि पत्ता आधारशी जुळतो का, तेही तिथेच बघायचं. एसव्हीवर आडनाव एका स्पेलिंगचं आणि आधारवर दुसऱ्या, हा प्रकार इतका सर्रास आहे की कारकून मान वरही करत नाहीत. पण दुरुस्ती जुन्या शहरात एका दिवसात होते. तेच काम नव्या शहरातून फोनवर करायला गेलं की आठवडे जातात.

आता टाकीचं वेळापत्रक. सिलिंडर परत करताना आत उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत. अर्धी टाकी परत केली की सात किलो गॅस फुकट गेला. म्हणून शेवटचे दोन महिने नंबर लावताना हिशोब करावा लागतो. टाकीत किती गॅस आहे हे हलवून, ठोकून किंवा ओल्या फडक्याने बघायची पद्धत घरोघरी आहे, पण वजनाइतकं खरं काही नाही. टाकीच्या वरच्या कड्याला उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, प्रत्येक टाकीचं वेगळं. समजा तिथे १५.६ आहे. वजनकाट्यावर टाकी ठेवली आणि काटा २०.१ दाखवतो, म्हणजे आत साडेचार किलो गॅस आहे. हे घर एक टाकी ४५ दिवस पुरवतं, म्हणजे दिवसाला साधारण ३१५ ग्रॅम. साडेचार किलो चौदा दिवस जाणार. ट्रक दहा दिवसांनी असेल तर नवीन टाकी मागवायचीच नाही. दुसरी टाकी आधीच संपली असेल तर ती रिकामीच ठेवायची.

टाकी परत करायची जागा बहुतेक वेळा दुकान नसते, गोदाम असतं. गोदामाची वेळ वेगळी, साप्ताहिक सुट्टी वेगळी. ट्रकच्या दिवशी सकाळी हे कळलं की टाकी शेजाऱ्याकडे जाते. शेजारी बिचारा चांगलाच असतो, पण यातून खरी अडचण उभी राहते. कंपनीच्या संगणकावर तुमच्या आधारवर एक चालू कनेक्शन दिसत राहतं. नियम एका कुटुंबाला एकच घरगुती कनेक्शन देतो, आणि नवरा-बायको म्हणजे एकच कुटुंब. पुण्यात नवीन अर्ज केला की तो "डुप्लिकेट" म्हणून परत येतो. बायकोच्या नावावर केला तरी येतो. मग सोलापूरच्या शेजाऱ्याला टाकी घेऊन गोदामावर पाठवायची, हमीपत्रं कुरिअर करायची. टीव्हीचा खरा उपयोग अनामतीपेक्षा इथे आहे. तुमचं नाव आता मोकळं आहे, याचा तो पुरावा असतो.

भरलेली टाकी ट्रकमध्ये किंवा गाडीत टाकून न्यायचा मोह होतो. रेल्वेतून गॅस सिलिंडर नेणं तर सरळ गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या १६४ व्या कलमाखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्रकने नेली तरी फायदा शून्य. पुण्यातल्या एजन्सीच्या खात्यावर ती टाकी नसतेच. शेगडी मात्र आपली असते. ती आणि मधली नळी खुशाल न्यावी. नळी म्हणजे आत तारेचं वेटोळं असलेली नारिंगी सुरक्षा नळी. तिच्यावर छापलेली तारीख बघावी, कारण पाच वर्षांनी ती बदलायचीच असते. चार वर्षं झालेली असतील तर जुन्या घरीच सोडलेली बरी.

पुण्यात पहिल्या घरी पोचल्यावर एजन्सीत टीव्ही, आधार आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा. भाड्याच्या घरासाठी नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. इथे सोलापूरची अनामत कामाला येत नाही, कारण ती परत घेतलेली आहे. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २२०० आणि रेग्युलेटरची २५० रुपये झाली. दोन सिलिंडर आणि रेग्युलेटर मिळून ४६५० रुपये. हातात आलेले ३०५०, भरायचे ४६५०, म्हणजे पदरचे १६०० रुपये. गॅसचे आणि कागदांचे पैसे वेगळे. "आम्ही तर जुनेच गिऱ्हाईक, आमच्याकडून जास्त का घेता?" हा वाद एजन्सीत रोज होतो आणि रोज गिऱ्हाईकच हरतो, कारण दर एजन्सी ठरवत नाही. एखादं वर्षच राहायचं असेल तर एकच सिलिंडर घ्यावा, असं माझं मत. दुसरा सिलिंडर फक्त टाकी संपल्यावरचे दोन-तीन दिवस भागवतो.

दुसरा वाद शेगडीचा. "शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल" असं कुणी म्हटलं, तर तशी सक्ती नाही. आयएसआय छापाची शेगडी आपली असेल तर तपासणी करून तीच वापरता येते. कोणी अडवलंच तर नकार लेखी मागावा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

टीव्ही जमा केल्यापासून टाकी घरी येईपर्यंत मधले काही दिवस जातात. त्या काळासाठी पाच किलोची छोटी टाकी आहे. ती काही पेट्रोलपंपांवर आणि दुकानांत नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गॅस बाजारभावाचा, म्हणून महाग पडतो. घरगुती टाकीच्या हिशोबाने वापरली की खिशाला चटका बसतो, पण दोन आठवडे चहा-भात निभतो. इंडक्शन असेल तर हाही खर्च टळतो.

टाकी आली की सील फोडण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या. सील शाबूत आहे का, वजन कड्यावरच्या आकड्यापेक्षा १४.२ किलोने जास्त आहे का, आणि तोंडाच्या आत काळी रबरी रिंग आहे का. तपासणीची तारीखही कड्यावरच असते. इंग्रजी अक्षर ए ते डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाही, पुढचे दोन आकडे म्हणजे वर्ष. बी २७ लिहिलं असेल तर टाकीची पुढची चाचणी जून २०२७ पर्यंत. मुदत उलटलेली टाकी डिलिव्हरीवाल्याच्या हातातच परत द्यावी. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. काडी पेटवून बघणारे अजूनही आहेत, त्यांच्या धाडसाचं कौतुक करण्याजोगं काही नाही. सिलिंडरचा वास आलाच तर १९०६ हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आता वर्षभराने हे जोडपं पुण्यातच दुसऱ्या घरी जातं, आणि तिथे भिंतीवर मीटर आहे. इथून सगळा नियमच बदलतो. पाइप गॅसचं कनेक्शन बहुतेक वेळा घरमालकाच्या नावावर असतं. भाडेकरूने ते आपल्या नावावर करून घ्यायची खटपट सहसा करू नये. मालकाची संमती, करार, बिलांची थकबाकी, सगळं जमवेपर्यंत करार संपत येतो. मालकाच्या नावावरच राहू द्यावं आणि बिल भरत जावं. फक्त करारात एक ओळ हवी, गॅसचं बिल कोण भरणार आणि घर घेताना मीटरचा आकडा काय होता.

त्या आकड्याबद्दल थोडं थांबायला हवं. मीटरवर डाव्या बाजूला काळ्या चौकटीतले आकडे असतात आणि उजवीकडे लाल चौकटीतले. काळे आकडे म्हणजे घनमीटर, लाल म्हणजे दशांश. बिल काळ्यांवर होतं. नवखा माणूस सगळे आकडे सलग वाचतो आणि "आम्ही हजारो युनिट जाळले" म्हणून घाबरतो. चावी घेताना आणि चावी देताना मीटरचा फोटो काढायचा, तारीख दिसेल असा, आणि मालकाला पाठवून ठेवायचा.

वापराचा अंदाजही यावरून येतो. एका टाकीतल्या गॅसमध्ये जितकी उष्णता असते, तितकी साधारण १८ घनमीटर पाइप गॅसमध्ये असते. म्हणजे ४५ दिवसांत एक टाकी जाळणाऱ्या या घराला महिन्याला सुमारे १२ घनमीटर लागतील. बिल दोन महिन्यांचं येत असेल तर २४ च्या आसपास. बिलावर ४० दिसले तर आधी पत्ता किंवा मीटर नंबर चुकलाय का ते बघायचं, आणि बिल अंदाजे लावलंय का तेही. मीटर वाचणारा आला आणि दार बंद असलं की कंपनी सरासरीने बिल लावते. नवीन भाडेकरूच्या पहिल्या बिलात ही सरासरी आधीच्या कुटुंबाची असते. आधी सहा माणसांचं घर असेल तर दोघांना सहांचं बिल येतं. मीटरचा फोटो पाठवून ते दुरुस्त करून घेता येतं.

आणि जुनी सिलिंडरची कनेक्शनं? पाइप गॅस सुरू झाला की सिलिंडरचं कनेक्शन परत करायचं, असा नियम आहे. पुन्हा गोदाम, पुन्हा टीव्ही, यावेळी ४६५० रुपये परत. "असू दे एक, अडीनडीला" हा मोह प्रत्येकाला होतो. पण ते कनेक्शन पुढे कुठे घेऊन जायचं म्हटलं की हाच घोळ परत उभा राहतो.

मालकाच्या नव्या इमारतीत पाइपच नसेल, तर प्रकरण मोठं आहे. आधी सोसायटीची परवानगी, मग कंपनीची पाहणी. इमारतीच्या बाहेरून लोखंडी उभा पाइप चढतो, त्यातून प्रत्येक घराकडे फांदी येते, स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पडतं, मग मीटर, मग आतला पाइप आणि शेगडीजवळचा व्हॉल्व्ह. त्यानंतर हवेच्या दाबाने चाचणी होते आणि शेवटी गॅस सोडतात. ठरावीक मीटरपर्यंतचा पाइप अनामतीत बसतो, पुढचा मीटरमागे पैसे. मॉड्युलर किचनवाला सुतार आधी येऊन मीटर बंद कपाटात घेण्याची जागा करून ठेवतो, आणि कंपनीचा माणूस तिथे मीटर बसवायला नकार देतो. तो बरोबर असतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. गळती झाली तर बाहेर जायला वाट लागते. सिलिंडरचा गॅस जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपच्या घरात वरची खिडकी मोलाची आणि सिलिंडरच्या घरात खालची फट.

शेगडीची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण दोन वर्षांनी नागपूरला निघताना सगळे तिथेच फसतात. प्रत्येक बर्नरच्या मुळाशी, गॅसच्या नळीच्या तोंडाला, पितळेचा एक इवलासा जेट असतो. करंगळीच्या नखाएवढा, मधोमध सुईच्या टोकासारखं भोक. सिलिंडरचा गॅस एका घनमीटरमागे पाइपच्या गॅसच्या जवळपास अडीच पट उष्णता देतो, म्हणून त्याचं भोक बारीक. पाइपचा गॅस पातळ, आणि त्याचा दाबही कमी, शेगडीपाशी साधारण २१ मिलिबार, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर ३० च्या आसपास. म्हणून त्याला मोठं भोक लागतं. पाइप सुरू करताना तंत्रज्ञ जुने जेट काढतो आणि मोठ्या भोकाचे बसवतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. काढलेले जेट ओट्यावर पडतात आणि संध्याकाळी भांड्यांबरोबर धुतले जातात, नाहीतर कचऱ्यात जातात.

ते मागून घ्यायचे. तीन बर्नरची शेगडी असेल तर तीन जेट, कोणता कोणत्या बर्नरचा हे लिहून, एका छोट्या पुडीत, आणि पुडी शेगडीच्या खालीच चिकटवून. मोठ्या बर्नरचा आणि छोट्या बर्नरचा जेट वेगळा असतो, ते अदलाबदल झाले की मोठा बर्नर मिणमिणतो आणि छोटा भडकतो.

नागपूरला नवीन घरात सिलिंडर आला, रेग्युलेटर लागला, आणि शेगडीत अजून पाइपचेच जेट आहेत, असं झालं तर काय होतं, ते ज्वाळेवरून लगेच कळतं. ज्वाळा निळी राहत नाही, पिवळी होते, बर्नरपासून उंच उठते, पातेल्याच्या बाहेर जिभा काढते आणि तळाला काजळी धरते. चहाच्या पातेल्याचा तळ एका उकळीत काळा झाला तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. शेगडी बंद करायची आणि जेट बदलून घ्यायचे, भोक बुजवण्याचे घरगुती प्रयोग करायचे नाहीत. उलट चूक, म्हणजे सिलिंडरच्या जेटवर पाइपचा गॅस, तितकी धोक्याची नाही, फक्त ज्वाळा बारीक राहते आणि कुकरची शिट्टी यायला वेळ लागतो.

पुण्याचं घर सोडताना मालकाचं कनेक्शन तिथेच राहतं, म्हणून आपण कुठलीच अनामत मागायची नाही. फक्त शेवटचा आकडा. शेवटच्या बिलातला आकडा १२८७ आणि चावी देण्याच्या दिवशी मीटरवर १२९९ असेल, तर १२ घनमीटरचे पैसे मालकाला द्यायचे आणि हिशोब मिटला. शेगडी काढली की व्हॉल्व्हला पितळी बूच लावून घ्यायचं, नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण पुढचा भाडेकरू येईपर्यंत रंगारी, सुतार, साफसफाईवाले कोणीही त्या दांड्याला धक्का देतो. बूच लावल्यावर साबणाचं पाणी, मिनिटभर थांबून बघायचं.

नागपूरला टीव्हीच्या कागदासह एजन्सीत जायचं. दोन वर्षं पाइपवर गेल्यावर तो जुना टीव्ही तिथे चालला नाही, तरी फारसं बिघडत नाही, अनामत तशीही त्या दिवशीच्या दरानेच भरायची असते. संगणकावर आधार मोकळं दिसलं की नवीन कनेक्शन होतं. टाकी येईल त्या दिवशी जेटची पुडी हाताशी असू द्यावी, डिलिव्हरीवाला रेग्युलेटर लावून देतो, जेट बदलून देत नाही.